मदत हवी आहे: वर्गशिक्षिकेला इनहेलरबद्दल पत्र लिहायचंय, जमत नाहीये

अनुजा_प:
उद्या सकाळी पत्र द्यायचंय आणि तीनदा लिहून फाडलं. मुलीला दमा आहे, डॉक्टरांनी अॅक्शन प्लॅन दिलाय तो जोडणारच आहे, पण बाईंना एका पानात काय आणि कसं सांगू? मागच्या आठवड्यात वर्गात धाप लागली तर बाईंनी तिला बाकावर आडवं केलं आणि पाणी पाजत बसल्या, इनहेलर खाली ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद, किल्ली शिपायाकडे. कोणीतरी पटकन मसुदा द्या प्लीज.

सई_के:
अगं सोप्पंय, "तब्येतीच्या कारणाने रजा मिळावी" असा अर्ज कर, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोड. माझ्या मुलाला पीटीतून कायमची सूट अशीच मिळाली.

अनुजा_प:
रजा नकोय हो, सूट पण नको. तिला खेळायचंय.

रेखा_सिस्टर:
मी मुलांच्या वॉर्डात काम करते. मसुद्याआधी सांगा, मुलगी किती वर्षांची? इनहेलर कुठला, धाप लागल्यावर घ्यायचा निळा की रोजचा? औषध ओढायला स्पेसरची नळी आहे का? आणि प्लॅनमध्ये किती पफ लिहिलेत?

अनुजा_प:
सॉरी, घाईत राहिलं. 8 वर्षांची. निळा, सालब्युटामॉल 100, स्पेसरमधून. धाप लागली की 4 पफ, 4 मिनिटं थांबायचं, फरक नसेल तर परत 4 आणि लगेच अॅम्ब्युलन्स. रोजचं बुडेसोनाइड सकाळ-संध्याकाळ घरीच देते.

मिलिंद_जे:
मला लहानपणापासून दमा आहे, अनुभवाने सांगतो, बाईंना लिहा चारही पफ स्पेसरमध्ये एकदम मारायचे आणि मुलीने ओढायचं. वेळ वाचतो. आणि झोपवायचं नाही, ताठ बसवायचं, हे ठळक लिहा.

रेखा_सिस्टर:
बसवायचं हे अगदी बरोबर. पण एकदम चार नको. एकत्र मारले की औषधाचे थेंब एकमेकांना आणि स्पेसरच्या भिंतीला चिकटतात, छातीत कमी पोचतं. इनहेलर हलवायचा, एक पफ, सावकाश चार श्वास, परत हलवायचा, मग दुसरा.

विश्वासकाका:
एवढ्या लहान पोरीला पंपाची सवय लावू नका. वाफ द्या, छाती मोकळी होते. आमच्या वेळी कुठे होते पंप?

रेखा_सिस्टर:
काका, धाप लागलेल्या मुलाला वाफ देऊ नका, दम्यात श्वासनळ्या आवळलेल्या असतात, त्या वाफेने सुटत नाहीत, उलट काहींना त्रास वाढतो आणि भाजतं ते वेगळंच. पंपाची भीती बाईंनाही असेल म्हणून पत्रात एक ओळ घालाच, की पफनंतर हात थरथरतील, छाती धडधडेल, थोड्या वेळात थांबेल. नाहीतर ते बघून बाई घाबरून दुसऱ्यांदा द्यायचंच टाळतील. हो, निळा इनहेलर आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागायला लागला तर मात्र डॉक्टरांना भेटायचं, कारण मग रोजचं औषध पुरत नाहीये. म्हणून प्रत्येक वेळी तारीख-वेळ वहीत लिहायला सांगा.

अनुजा_प:
हे बघा, आत्ता लिहिलं:

"आदरणीय बाई, माझ्या मुलीला दमा आहे. ती सारखी खोकू लागली, शिट्टीसारखा आवाज आला किंवा छाती आवळते म्हणाली तर कृपया तिला वर्गातच ताठ बसवा, झोपवू नका, एकटीला कुठेही पाठवू नका. निळा इनहेलर स्पेसरला लावून एकेक करून 4 पफ द्या, प्रत्येक पफला चार श्वास. घड्याळ लावून 4 मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा 4 पफ देऊन अॅम्ब्युलन्स बोलवा, मग मला फोन करा. पफनंतर हात थरथरले तर घाबरू नका. दिलेल्या वेळा वहीत लिहाव्यात ही विनंती."

रेखा_सिस्टर:
छान. दोन गोष्टी राहिल्या. वाक्य पुरं बोलता येत नसेल, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसले तर 4 मिनिटं बघत बसायचं नाही, अॅम्ब्युलन्स आधी, आणि ती येईपर्यंत पफ चालू. दुसरं, शिट्टीचा आवाज अचानक थांबला पण मूल मलूल झालं तर ते बरं होणं नाही, हवाच आत जात नाहीये. हे शिक्षकांना कोणी सांगत नाही.

मिलिंद_जे:
आणि इनहेलर तिच्या दप्तरातच ठेवा. कपाट कशाला?

रेखा_सिस्टर:
8 वर्षांच्या मुलीने एकटीने सांभाळावा का, हे तिच्यावर आहे. मी म्हणेन एक बाईंच्या टेबलाच्या खणात, बिनकुलूप, एक दप्तरात. दोन्हींवरचे, किती पफ उरलेत ते दाखवणारे काउंटर महिन्यातून एकदा बघा.

अनुजा_प:
दोन्ही ओळी घातल्या. खणाबद्दल मुख्याध्यापिका म्हणतात की औषधं ऑफिसातच राहणार, नियम आहे. डॉक्टरांकडून "वर्गातच हाताशी हवा" असं लिहून आणलं तर ऐकतील का? कोणी केलंय असं?