मदत हवी आहे : सोलापूरच्या जुन्या मिलचे हजेरीपट कुठे मिळतील?

नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका. माझे वडील आपल्या जुन्या मिलमध्ये साळखात्यात होते. त्यांचा पितळी बिल्ला माझ्याकडे आहे. आकडा स्पष्ट आहे, कडेची अक्षरं मात्र घासून गेलीत.

दप्तरखान्यात ‘जुनी मिल’ म्हणून विचारलं तर काही हाती लागत नाही. तिथे ‘शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ हेच नाव चालतं, तेही Sholapur या जुन्या स्पेलिंगने. तसं शोधल्यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९५० चा निकाल सापडला. १९४९ मध्ये मिल बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला आणि एक भागधारक त्याविरुद्ध कोर्टात गेला. आई ज्याला ‘बंदचं वर्ष’ म्हणायची ते हेच असावं. पण निकालात भागधारक आणि संचालक. साळखात्यातला माणूस कुठून असणार!

मला हवेत हजेरीपट किंवा पगारपत्रकं. वडील आधी बदली कामगार होते, म्हणून कायम आणि बदली कामगारांचे हजेरीपट वेगळे असत का, हेही कळायला हवं. १९५२ च्या कायद्याने कापडगिरण्यांना भविष्यनिर्वाह निधी लागू झाला. त्या पहिल्या याद्या कोणी पाहिल्यात का? मुंबईच्या पुराभिलेखागारात जायची तयारी आहे, पण कोणत्या खात्याच्या फायली मागवू? कामगार की उद्योग? कुणाच्या घरी तसलाच बिल्ला असेल तर कडेवर काय कोरलंय तेवढं कळवा.