बिनपगारी रजा: साहेबांपुढे काय ठेवायचं

> आईच्या ऑपरेशनसाठी तीन महिने बिनपगारी रजा हवीय. जीएसटीचं काम मी एकटीच बघते. साहेबांना कसं विचारू?

आधी तोंडी बोला, त्याच दिवशी मेल टाका. त्यात 'साधारण तीन महिने' नको. '1 जून ते 31 ऑगस्ट, 1 सप्टेंबरला रुजू' असं लिहा. मोघम तारखेवर अर्ज अडू शकतो.

मासिक रिटर्न असेल तर जीएसटीआर-1 11 तारखेला आणि 3बी 20 तारखेला जातं. दोन्ही कोण भरणार, नावानिशी लिहा. मे महिन्याची रिटर्न्स जूनमध्ये भरायची असतात, हे हमखास निसटतं. एप्रिलची रिटर्न्स मेमध्ये त्या सहकाऱ्याकडूनच भरून घ्या, तुम्ही शेजारी बसा. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येत असेल, तर पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीदार आधीच बदलून घ्या. नाहीतर हॉस्पिटलात फोन वाजत राहील.

आईचं नाव कंपनीच्या मेडिक्लेममध्ये असेल, तर रजेत तो चालू राहतो का, हे एचआरकडून लेखी घ्या.