मदत हवी आहे : टीव्हीच्या सोर्स यादीतील दिलेली नावे टिकत नाहीत

आमच्या टीव्हीच्या HDMI 1 ला सेट-टॉप बॉक्स, HDMI 2 (ARC) ला साउंडबार आणि HDMI 3 ला लॅपटॉप जोडलेला असून HDMI 4 रिकामा आहे. आईला यादी सहज वाचता यावी म्हणून मी पहिल्या पोर्टला ‘केबल’ असे नाव दिले आणि चौथा लपवला. परंतु सेट-टॉप बॉक्स बंद करून पुन्हा सुरू केला की ‘केबल’ पुसले जाऊन बॉक्सने स्वतः कळवलेले नाव तेथे येते. HDMI ने जोडलेली उपकरणे ज्याद्वारे एकमेकांना माहिती व आज्ञा पाठवतात त्या सीईसीमुळे हे होत असावे, मात्र ते टीव्हीवर पूर्ण बंद केल्यास टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होत नाही. केवळ सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये सीईसी बंद केल्यास नाव टिकेल काय? तसेच ARC चा पोर्ट यादीतून लपवल्यास आवाज साउंडबारवर जात राहील काय?