पेंडिंग दिसलं एक आणि कापलं गेलं भलतंच : तुमचे अनुभव

सांजवात
आज एकीने विचारलं, "हॉटेलने दोनदा पैसे घेतले का गं?" आणि कार्ड सेटलमेंटच्या टेबलावरचे दिवस आठवले. रोज हाच प्रश्न यायचा. म्हणून धागा.

पेंडिंग म्हणजे पैसे गेलेले नाहीत. हॉटेलच्या मशीनने बँकेला नुसतं विचारलंय, एवढी रक्कम आहे का? बँकेने "आहे, बाजूला ठेवते" म्हणून सहा अक्षरी मंजुरी क्रमांक दिलाय. खात्यातली शिल्लक तशीच राहते, वापरता येणारी शिल्लक मात्र कमी होते. पैशाची खरी मागणी हॉटेल नंतर पाठवतं, बहुधा एक ते तीन दिवसांत, आणि त्यात रक्कम अंतिम बिलाची असते.

समजा ३ रात्री, रोजचे ४,०००. चेक-इनला १२,००० अधिक ३,००० अनामत, असे १५,००० अडकले. निघताना जेवणाचे १,१५० धरून बिल झालं १३,१५०. मागणी १३,१५० ची आली की १५,००० ची पेंडिंग ओळ गळून पडते आणि १,८५० मोकळे होतात. त्या १,८५० ची परतावा म्हणून वेगळी नोंद दिसत नाही. लोक तीच शोधत बसतात.

रानवारा
सोपं आहे, ७ दिवस थांबायचं, आपोआप सुटतं.

हिशेबनीस
रानवारा, साध्या दुकानाच्या व्यवहाराला ते बरेचदा लागू पडतं. हॉटेल आणि भाड्याची गाडी यांची मुदत लांब असते, काही बँका महिनाभरही धरून ठेवतात. शिवाय मुदत संपून होल्ड सुटला म्हणजे बिल माफ झालं असं नाही. दुकानदाराची मागणी त्यानंतरही येऊ शकते. लोक सुटलेली रक्कम खर्चून टाकतात आणि मग खातं उणे होतं.

तेजू
माझं पेट्रोल पंपाचं आहे, हॉटेलचं नाही. आधी मोठी रक्कम दिसली, पेट्रोल भरलं त्याच्या अर्धंच. दुसऱ्या दिवशी बरोबर झाली. घाबरायला होतं हो. (मूल रडतंय, नंतर येते)

सांजवात
तेजू, साहजिक आहे. स्वतः भरायच्या पंपावर किती भरणार हे आधी माहीत नसतं, म्हणून मशीन ठरलेली रक्कम अडकवतं. काही पंप फक्त १ ची विचारणा करतात, तिथे उलटा गोंधळ : पेंडिंगला १, शेवटी पूर्ण बिल.

अबोली_
मी ड्रेस परत पाठवून दहा दिवस झाले. अजून पेंडिंगच आहे का मग?

हिशेबनीस
अबोली, तुमचा परतावा आहे, ही वेगळी गोष्ट. पैसे कापले गेल्यावर परत येतात ती स्वतंत्र जमा नोंद असते. दुकानाकडून तिचा २३ अंकी एआरएन मागा, बँकेला त्यावरून शोधता येतं. नुसत्या पेंडिंग व्यवहाराला एआरएन नसतो.

आता सांजवातने सांगितलेल्या हॉटेलकडे. निघताना काउंटरवरच्याने जुना मंजुरी क्रमांक न वापरता १३,१५० साठी कार्ड नव्याने लावलं, तर बँकेला दोन्हींचा संबंध कळत नाही. १५,००० आणि १३,१५० मिळून २८,१५० अडकतात. बिल रोखीने दिलं आणि होल्ड रद्द केला नाही तरी १५,००० तसेच लटकतात. ओळखायची खूण अशी : दोन ओळी, दोन वेगळे मंजुरी क्रमांक. स्लिपवर छापलेला असतो तो.

अबोली_
अच्छा! धन्यवाद, आत्ता मेल करते. ड्रेस चांगला होता खरं तर, बाह्याच घट्ट.

रानवारा
मग अशा वेळी बँकेत तक्रार करायची ना?

हिशेबनीस
पेंडिंगवर वाद नोंदवायला बँका बहुधा नकार देतात, कारण कापलेलं काही नसतंच. आधी हॉटेलला मंजुरी क्रमांक देऊन रिव्हर्सल, म्हणजे होल्ड रद्द केल्याचा संदेश, बँकेला पाठवायला सांगा. आणि निघतानाच विचारा, "चेक-इनचा होल्डच पूर्ण करताय ना?" डेबिट कार्ड असेल तर हे जास्तच जपा, स्वतःचेच पैसे अडकतात.

परदेशी_पाखरू
माझ्याकडे बिल अगदी तेवढंच होतं, तरी आकडा बदलला. दुसऱ्या देशाच्या चलनात होतं.

सांजवात
पेंडिंगला त्या दिवसाचा अंदाजी दर लागतो, खरा दर मागणी येते त्या दिवसाचा. बँकेचं परकीय चलन शुल्कही कधी तेव्हाच जोडलं जातं. बिलावरची परक्या चलनातली रक्कम ताडून पाहा. ती सारखी असेल तर फरक दराचा किंवा शुल्काचा.

तेजू
आले परत. हॉटेलने लेखी कळवलं तर बँक होल्ड लगेच सोडते का?

हिशेबनीस
काही बँका पत्र घेऊन हाताने सोडतात, काही मशीनवरून आलेल्या रिव्हर्सलशिवाय हलत नाहीत. तुमची कुठली आहे ते फोन करूनच कळेल.

रानवारा
माझ्या बँकेने पत्र घेतलंच नाही. इतर कोणाचं घेतलंय का?