टायरवरची 'खाच': चर, चीर की आणखी काही?

लांज्याचा मास्तर
चालकांच्या वर्गासाठी मराठीत छोटी पुस्तिका लिहितोय आणि टायरच्या पानावर गाडी अडली आहे. टायरला घेरभर वेढून जाणारे खोल पट्टे म्हणजे ग्रूव्ह. मधल्या भागातून कडेच्या खांद्याकडे जातात ते स्लॉट. आणि रबराच्या ठोकळ्यांवर ब्लेडने ओढल्यासारख्या बारीक रेघा म्हणजे साइप. पहिल्या खर्ड्यात मी तिन्हींना 'खाच' लिहिलं. 'खाचेत पाणी जातं, खाचेमुळे पकड येते आणि खाचेमुळेच आवाज होतो' हे वाक्य वाचून एका ड्रायव्हरने विचारलं, "मास्तर, नक्की कुठली खाच?" उत्तर देता आलं नाही. साइपला 'चीर' म्हणावं असं वाटतंय. तुम्ही काय म्हणाल?

कुडाळकर
मास्तरानु, आमच्याकडे चिरो म्हटलो की जांभ्याचो दगड. टायराक चिरो कित्याक? चढावर गाडी थांबवूक लावतत तो?

शब्दवेडी, गुहागर
कुडाळकर, तो चिरा पुल्लिंगी, त्याचे अनेक चिरे. ही चीर स्त्रीलिंगी, तिच्या चिरा. पण तुमची शंका अगदीच थट्टेवारी नेण्यासारखी नाही. 'टायरवर चिरा असतात' हे वाक्य कोकणातला वाचणारा क्षणभर दगडच समजेल. एकवचनात लिहिलं किंवा 'बारीक चिरा' म्हटलं की प्रश्न मिटतो. बांगड्याला मसाला आत जावा म्हणून देतो ना, तशीच ही चीर.

दुसरं म्हणजे साइपचा 'अर्थ' शोधायला जाऊ नका, ते आडनाव आहे. जॉन साइप नावाच्या माणसाच्या १९२३च्या अमेरिकन पेटंटवरून ते आलं. कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून बुटाच्या रबरी तळव्याला त्याने चिरा पाडल्या, अशी गोष्ट सांगतात. भाषांतराचं ओझं नाही म्हटल्यावर काम पाहून नाव ठेवायला आपण मोकळे. ग्रूव्हसाठी मी 'परिघीय प्रणाल' सुचवते.

टायरवाला, कणकवली
ताई, 'परिघीय प्रणाल' मागायला गिऱ्हाईक आलं तर मी त्याला शेजारच्या प्लंबिंगच्या दुकानात पाठवीन.

माझं दुकान बावीस वर्षं आहे. आमच्याकडे उभ्या पट्ट्यांना 'लाइन' म्हणतात, ठोकळ्यांना 'बटण', आणि सगळं झिजलं की 'गोटा'. बारीक रेघांना नावच नाही, कारण तिकडे कोणी बघत नाही. पण मास्तरांचा मुद्दा बरोबर आहे. तिघांची कामं वेगळी आहेत, तेव्हा नावंही वेगळी हवीत.

हायवेप्रेमी
काम सोपं आहे. पाणी काढायचं काम चिरांचं, म्हणून पावसाळी टायरला चिरा जास्त. जेवढ्या जास्त तेवढं बरं. आणि पावसात मी हवा पाच-सात पॉइंट कमी ठेवतो. टायर जास्त टेकतो, पकड वाढते.

टायरवाला, कणकवली
अर्धं बरोबर आहे तुमचं, उरलेलं घातक आहे. जरा सविस्तर सांगतो.

समजा छोटी गाडी आहे आणि टायरची टेकणारी रुंदी १३ सेंटिमीटर. हातखंब्याच्या अलीकडे-पलीकडे जोराची सर आली, रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचलंय आणि गाडी ८० ने चाललीय. म्हणजे सेकंदाला २२ मीटर. गुणाकार केला तर एका चाकासमोर दर सेकंदाला साडेआठ लिटरच्या वर पाणी येतं. दर सेकंदाला एक कळशी, एका चाकाला! ही कळशी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या चिरेत मावेल का?

ती घेतात उभ्या लाइनी. तीन लाइनी, प्रत्येक ९ मिलिमीटर रुंद आणि ७ खोल धरली, तर वाटेतल्या पाण्यापैकी जेमतेम निम्मं त्यांच्यात मावतं. बाकीचं पाणी टायरपुढून बाजूला ढकललं जायला हवं, किंवा आडव्या खाचांतून खांद्यापाशी बाहेर पडायला हवं. तेच टायर झिजून २ मिलिमीटर उरलं, की लाइनीत सातवा-आठवा हिस्साच मावतो. लाइनीच्या तळाशी मधूनमधून रबराचा उंचवटा असतो, १.६ मिलिमीटरचा. टायर त्याच्या बरोबरीला आलं की संपलं. मी मात्र कोकणातल्या गिऱ्हाइकाला ३ उरले की जूनआधीच बदलायला सांगतो. त्यावर लोक म्हणतात, धंदा करतोय.

लांज्याचा मास्तर
एक शंका. वेग कमी केला तर पाणीही कमी येतं आणि लाइनीतून जातंही कमी. मग हिशेब तोच राहिला ना? हळू चालवून फायदा काय?

टायरवाला, कणकवली
मास्तर, बरोबर जागी बोट ठेवलंत. लाइनीत मावणारा वाटा वेगाबरोबर बदलत नाही. बदलतो तो वेळ. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण १५ सेंटिमीटर लांब असतो. ८० ने जाताना रबराचा एखादा ठोकळा रस्त्यावर फक्त ७ हजारांश सेकंद टिकतो. उरलेल्या पाण्याला तेवढ्यात बाजूला व्हायचं असतं. ४० ने गेलात तर त्याला दुप्पट वेळ मिळतो. वेळ पुरला नाही की पाणी टायरखाली पाचरीसारखं घुसतं आणि गाडी पाण्यावर तरंगते. स्टिअरिंग अचानक हलकं लागतं, तीच खूण. तेव्हा ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडायचा आणि चाकं सरळ ठेवायची.

आता हवेचं. पाण्याच्या रेट्याला उत्तर देतो तो टायरमधला दाब. विमानाच्या टायरांवरून १९६०च्या दशकात अमेरिकेत काढलेला एक ठोकताळा आहे: दाबाचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला १६.७ने गुणायचं. पाणी नक्षीत मावेनासं झालं की कितीला तरंगायला लागेल ते किलोमीटरमध्ये मिळतं. ३२ पॉइंटला ९४ येतात, २५ला ८३. गाडीला तो तंतोतंत लागू नाही, पण दिशा स्पष्ट आहे. हायवेप्रेमी, तुम्ही हवा सोडून पकड वाढवत नाही, तरंगायचा वेग दहा-अकरा किलोमीटरने खाली आणता. वाळूत किंवा चिखलात हवा सोडतात ते वेगळं. तिथे रुतू नये म्हणून सोडतात.

हायवेप्रेमी
हवेचं मान्य. पण मग चिरा असतात कशाला? काहीतरी काम असेलच ना.

टायरवाला, कणकवली
आहे की. शेवटचं पुसणं त्यांच्याकडे. लाइनी आणि आडव्या खाचांनी कळशी रिकामी केल्यावरही डांबरावर पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो. ठोकळा टेकला की चीर किंचित उघडते, तिची धार रस्त्याला लागते, तो पापुद्रा कापते आणि थोडं पाणी पोटात घेते. पहिल्या पावसात रस्ता नुसता ओला असतो, वर तेल-धूळ, तेव्हा खरा उपयोग चिरांचाच. पाणी साचलेलं असेल तर त्या एकट्या काही करू शकत नाहीत.

आणि 'जेवढ्या जास्त तेवढं बरं' हेही नाही. चिरा जास्त म्हणजे ठोकळा लिबलिबीत. कोरड्या रस्त्यावर वळणात तो वाकतो, तापतो, लवकर झिजतो. हल्ली चिरेच्या आतल्या भिंती नागमोडी करतात, म्हणजे जोर आला की त्या एकमेकींत अडकतात. शिवाय बऱ्याच चिरा लाइनीइतक्या खोल नसतात. टायर अर्धं झिजलं की त्या पुसल्या जातात. लाइन दिसते म्हणून मालक खूश, पण पुसणारं फडकं गेलेलं असतं.

चिपळूणची
मधेच बोलते, माफ करा. माझ्या गाडीला मागून घूं घूं आवाज यायला लागला. गॅरेजवाल्याने बेअरिंग म्हणून सांगितलं, बदललं, पैसे गेले आणि आवाज तसाच. कोणी म्हणालं टायरचा आहे. टायरला तर भरपूर नक्षी आहे अजून. ह्या तिघांपैकी आवाज करतो कोण?

टायरवाला, कणकवली
ताई, आवाजात आडव्या खाचा पुढे. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो, खाचेतली हवा दाबली जाऊन फसकन बाहेर पडते. घेरावर सत्तर ठोकळे असतील तर ६० ने जाताना सेकंदाला सहाशेच्या आसपास टपल्या, ८० ने आठशे. म्हणून वेगाबरोबर सूर चढतो. सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर शिट्टीच वाजली असती, म्हणून दोन-तीन मापांचे मिसळलेले असतात. मोजून बघा.

उभी लाइनसुद्धा वाजते. ती आणि रस्ता मिळून दोन्ही टोकांना उघडी नळी होते, बासरीसारखी. पण नळीची लांबी टेकलेल्या भागाइतकीच, म्हणून तिचा सूर हजार-अकराशे हर्ट्झच्या आसपासच राहतो, वेग वाढला तरी जवळपास तोच. चिरा बारीक असतात, आवाजात त्यांचा वाटा थोडा.

तुमच्याकडे बहुतेक टायर करवतीसारखे झिजलेत. प्रत्येक ठोकळ्याची एक कड झिजते, दुसरी उभी राहते. तळहात नक्षीवरून घेराच्या दिशेने फिरवा, मग उलटा फिरवा. एकीकडून गुळगुळीत आणि दुसरीकडून हाताला टोचलं तर तेच. टायर पुढे-मागे कधी बदलले होते?

चिपळूणची
कधीच नाही! आत्ता हात फिरवला. एका बाजूने किसणीसारखं लागतंय. आणि हो, नव्या काँक्रीटच्या पट्ट्यावर आवाज वेगळा, जुन्या डांबरावर वेगळा.

टायरवाला, कणकवली
मग टायरच. रस्ता बदलल्यावर बदलतो तो टायरचा आवाज. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, त्याचा आवाज लांब वळणात गाडीचा भार एका बाजूला गेला की बदलतो. पुढच्या-मागच्यांची अदलाबदल करा आणि अलाइनमेंट तपासा. थोडा फरक पडेल, पण झिजलेली कड परत येत नाही.

शब्दवेडी, गुहागर
प्रणाल मागे घेते. उभ्यांना 'चर' म्हणा. बागेत पाणी काढायला खणतो तो चर: लांब, खोल, सलग. साइपला 'चीर'. उरले स्लॉट. 'आडवा पाट' कसं वाटतं? चरातलं पाणी बाजूला नेणारा.

कुडाळकर
पाट पाणी हाडता, बाहेर टाकना नाय. पाटाचा पाणी आमी शेतात घेतंव.

शब्दवेडी, गुहागर
खरंय. आणि टायरमध्ये चरातून आडव्यात पाणी जातंच असंही नाही. काही खाचा चरापर्यंत पोचतच नाहीत, रबराच्या पट्टीतच थांबतात.

टायरवाला, कणकवली
त्या मुद्दाम थांबवतात. मधली पट्टी सलग राहिली की आवाज कमी आणि गाडी सरळ धरते. चिखलाच्या टायरला उलट, खाचा आरपार आणि रुंद, कारण तिथे कडेनेच ओढायचं असतं. मात्र त्यात जांभ्याचे खडे अडकतात. कुडाळकर, बघा, तुमचा चिरा टायरमध्ये आला की नाही!

लांज्याचा मास्तर
सध्या 'चर', 'आडवी खाच' आणि 'चीर' घेतो. वाक्य असं केलंय: 'साचलेलं पाणी चर आणि आडव्या खाचा बाहेर काढतात, राहिलेला ओलावा चीर पुसते, आवाज मुख्यतः आडव्या खाचांचा.' ड्रायव्हरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लाइन म्हणा ना, चर कशाला?"

टायरवाला, कणकवली
मी पहिल्यापासून तेच सांगतोय.