किराणा ६४०चा, खात्यातून गेले १६४०

काकू (ए-२०४): काल यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून ६४०चा किराणा आणला, डेबिट कार्डाने. मेसेज आलाय १६४०चा! वर आज ११.८० वेगळे गेले. आत्ताच दुकानात निघालेय.

नितीन (सी-५०३): काकू, थांबा जरा. काकांनी तिथून हजार रुपये रोख घेतले का?

काका (ए-२०४): घेतले. एटीएम बंद होतं. हिला सांगायचं राहिलं 😅

काकू: राहिलं म्हणे!

नितीन: मग दुकानदाराची काही चूक नाही. तो मशीनवर खरेदी ६४० आणि रोख १००० असे दोन आकडे टाकतो, पण बँक मंजुरी देते एकत्र १६४०ला. त्यामुळे पासबुकात दुकानाच्या नावापुढे एकच रक्कम येते आणि सगळी खरेदीच वाटते. फोड फक्त मशीनच्या पावतीवर असते. रोख किती दिली ते तिथे वेगळं छापायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती पावती कालांतराने पुसट होते, फोटो काढून ठेवा.

काकू: आणि ११.८०?

नितीन: रोख काढल्याचं शुल्क. जास्तीत जास्त एक टक्का लावता येतं, काही बँका लावतही नाहीत. हजारावर १० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १.८०. अख्ख्या १६४०वर लावलं असतं तर १९.३५ गेले असते, तेव्हा मात्र बँकेत तक्रार करायची. दुकानात नाही, जिचं कार्ड आहे त्या बँकेत.

शिंदे (बी-१०१): एक दुकानदार मला क्रेडिट कार्डावर रोख देतो म्हणाला, ३ टक्के घेऊन. तेच का हे?

नितीन: अजिबात नाही! ही सोय क्रेडिट कार्डाला नाहीच. तो खोटी विक्री दाखवून पैसे देतो. पावती बघा, नुसती खरेदी असेल, रोखीची ओळख नसेल. उद्या तक्रार केलीत तर तुम्ही माल घेतला असंच दिसणार. शिवाय खऱ्या सोयीत जे शुल्क असेल ते दुकानात लिहून लावावं लागतं.

शिंदे: आणि कितीपर्यंत काढता येतात?

नितीन: एका वेळी २०००, महिन्याला १०,०००. २००९ला सुरू झालं तेव्हा दिवसाला १०००च होते. खरेदी केलीच पाहिजे असंही नाही, नुसती रोखही मिळते. पण प्रत्येक दुकान देत नाही, बँकेने नेमलेलं लागतं.

काकू: मी वहीत १६४० किराण्याखाली लिहिले होते. आता ६४० किराणा, ११.८० बँक. हजार कुठे लिहू?

नितीन: ते काकांना विचारा 🙏

काका: ३८० खिशात आहेत. बाकीचं घरी आल्यावर सांगतो.