मदत हवी आहे: फोटोतली मधली फ्रिंज कशी ओळखायची?

बारावीच्या दुहेरी फटीच्या प्रयोगाचा फोटो घेऊन गणित सोडवतोय. लेझर 650 nm, फटींमधलं अंतर d = 0.25 mm, पडदा D = 2 m दूर. पडद्यावरच मोजपट्टी चिकटवलेली आहे. तिच्यावरून लागोपाठच्या 8 तेजस्वी पट्ट्यांतलं पहिल्या ते शेवटच्या मध्यापर्यंतचं अंतर 36.4 mm भरतं. मधे जागा 7, म्हणून फ्रिंजची रुंदी 5.2 mm. λD/d हेच सांगतं, तेव्हा इथवर शंका नाही.

अडतंय ते पथांतरापाशी. P बिंदू केंद्रापासून 13 mm धरला तर xd/D = 1625 nm, म्हणजे 2.5λ. तो अंधारा हवा आणि फोटोतही अंधाराच आहे. पण मधल्या तीन-चार पट्ट्या प्रकाश जास्त झाल्याने सारख्याच पांढऱ्या दिसतात. केंद्र एका पट्टीने चुकलं तर पथांतर पूर्ण λ ने बदलेल, P मात्र अंधाराच राहील, त्यामुळे चूक कळणारच नाही!

प्रत्येक फट 0.05 mm रुंद आहे. d/a = 5, म्हणून दोन्हीकडची पाचवी पट्टी गायब असणार. त्या दोन रिकाम्या जागांचा मध्य केंद्र मानला तर चालेल का? पडदा किंचित तिरका असेल तर हा मध्य कितपत सरकेल?